चव उत्तम, पण कोणासाठी?

‘दर्जा उत्तम, जाहिरात कमी, ऑनलाइन विक्रीची संधी, वाढती स्पर्धा.’ मार्केटिंगच्या प्रकल्पवह्यांत स्वॉटचा तक्ता बहुधा असाच भरलेला असतो. दुकानाचे नाव खोडून तिथे सलूनचे नाव घातले तरी तो बिनदिक्कत चालतो. हे फक्त विद्यार्थ्यांचेच होते असे नाही. हिल आणि वेस्टब्रुक यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 20 ब्रिटिश कंपन्यांची अशी विश्लेषणे तपासली, तेव्हा लांबलचक, मोघम याद्या मिळाल्या आणि पुढच्या नियोजनात त्या कोणी वापरल्याचे आढळले नाही.

प्राध्यापकांनी म्हणूनच तक्त्याआधी प्रश्न ठरवून घ्यावा. समजा, सोलापूरच्या सात रस्ता चौकात शेंगा चटणीचे एक लहान दुकान आहे आणि मालकाला ठरवायचे आहे की, परगावच्या प्रवाशांसाठी बंद पाकिटे काढावीत का? आता ‘चव उत्तम’ एवढ्यावर भागत नाही. भाजलेले शेंगदाणे उखळात कुटल्याने तेल सुटते आणि चटणी ओलसर, एकजीव होते. आठवड्याला पाव किलो सुटी चटणी नेणाऱ्या घरच्या गिऱ्हाइकाला तीच हवी असते. पण हेच तेल प्रवाशाच्या बॅगेत पाकिटातून झिरपते, आणि दिवस गेले की चटणी खवट होते. एकच गुण एका गिऱ्हाइकासाठी बलस्थान, तर दुसऱ्यासाठी उणीव ठरतो. शिवाय शेजारचा दुकानदारही कुटूनच चटणी करत असेल, तर प्रवाशांपुरते सोडा, घरच्या गिऱ्हाइकापुरतेही ते बलस्थान उरत नाही.

हे घरी बसून कळत नाही. विद्यार्थ्याने संध्याकाळी काउंटरजवळ उभे राहून सुटे किती, पाकीट किती याची नोंद करावी, रिकाम्या हाताने परतणाऱ्याला कारण विचारावे आणि पाकीट घरी ठेवून ते कितव्या दिवशी वास धरते ते पाहावे.

सर्वाधिक घोळ संधीच्या रकान्यात होतो. ‘ऑनलाइन विक्री सुरू करावी’ ही संधी नव्हे, तो निर्णय झाला. त्यासाठी एक साधी कसोटी आहे: उद्या दुकान बंद पडले तरी ती गोष्ट बाहेर राहील का? जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला बाहेरगावची माणसे येतात, दुकान असो वा नसो. म्हणून ती संधी. शेंगदाण्याचा भाव चढणे हा धोका, पण सर्वांना सारखा नाही. सुट्या चटणीचा दर पाटीवर लगेच बदलता येतो, छापील किमतीची पाकिटे मात्र आधीच दुकानांत पोचलेली असतात.

हे रकाने एकमेकांशी जोडले की मालकाला उत्तर मिळू लागते: वर्षभर पाकिटांचा साठा करू नये, गड्ड्याच्या दिवसांत रोज ताजी, लहान, नीट सील केलेली पाकिटे करून पाहावीत. गुण देताना परीक्षकाने प्रत्येक ओळीपुढे पुरावा मागावा. पुराव्यानिशी चारच ओळी असलेल्या वहीला वीस मोघम मुद्द्यांच्या वहीपेक्षा जास्त गुण मिळायला हवेत.