ताबापत्रातील उणे चटईक्षेत्र

भोगवटा प्रमाणपत्र हाती आले, ताबापत्रे रवाना झाली, आणि थोड्याच दिवसांत बेसा, मनीषनगर किंवा हिंगणा मार्गावरील एखाद्या नव्या इमारतीतील सदनिकाधारकाचे पत्र विकासकाच्या मेजावर येऊन पडले, की करारनाम्यात चटईक्षेत्र ६०.०० चौरस मीटर असता ताबापत्रात ते ५७.८९ कसे झाले याचा लेखी खुलासा व्हावा, हा प्रसंग आमच्या वास्तुविशारद व स्थापत्य अभियंता वाचकांना अपरिचित नसावा. (आकडे आम्ही उदाहरणादाखल योजले आहेत.) या पत्राला जाणारे उत्तर बहुधा विक्री विभागातील कारकून लिहितो आणि ते ठरलेलेच असते: गिलाव्यामुळे एवढा फरक पडतोच, आणि तीन टक्क्यांच्या आसपासची तफावत कायद्याला मान्य आहे. ही दोन्ही विधाने तपासून पाहण्याजोगी आहेत, आणि ती तपासण्याचे काम कारकुनाचे नसून ज्याने नकाशा काढला व काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला त्याचे आहे.

सन २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने चटईक्षेत्राची जी व्याख्या केली तीत सदनिकेच्या बाह्य भिंती, सेवावाहिन्यांचे डक्ट, खासगी बाल्कनी वा व्हरांडा आणि खासगी मोकळी गच्ची ही वगळली असून आतील आडभिंतींनी व्यापलेली जागा मात्र धरली आहे; आणि महारेराने २०१७ मध्ये केलेल्या खुलाशाप्रमाणे सदनिकेच्या बाहेरील अंगाच्या सर्व भिंती या बाह्य, तर आतील भिंती व सुटे स्तंभ हे आडभिंतीच समजावयाचे आहेत. यातून मोजणीची रीत आपोआप ठरते. खोलीखोलीची लांबी-रुंदी घेऊन बेरीज करणे ही ती रीत नव्हे. बाह्य भिंतींच्या आतील अंगापासून आतील अंगापर्यंत संपूर्ण घेर मोजून त्यातून डक्ट वजा करावयाचे असतात. दोन शयनगृहांच्या सदनिकेत आडभिंतींची लांबी सहज अठरा मीटर भरते आणि गिलाव्यासह त्यांची जाडी साडेबारा सेंटिमीटरच्या घरात असते, तेव्हा केवळ खोल्यांची बेरीज करणाऱ्याला सव्वादोन चौरस मीटर हरवल्यासारखे वाटतात. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थाने अशीच बेरीज केली असेल तर त्याची शंका एका भेटीत मिटते. पण ताबापत्राचा आकडा विकासकाच्याच कार्यालयात अशा बेरजेने काढला गेल्याची उदाहरणेही आहेत, आणि तेथे विकासक आपल्याच हाताने आपल्यावर तक्रार ओढवून घेतो. यासाठी मोजणी फर्निचर बसण्यापूर्वी, लेझर मापकाने, स्कर्टिंगच्या वर करावी, व प्रत्येक खोलीचे कर्णही घ्यावेत. काटकोन चुकला असेल तर तो तेथेच उघड होतो.

आता गिलाव्याची सबब. मंजूर नकाशातील मापे विटेच्या वा ब्लॉकच्या अंगावरची असतात आणि आतील गिलावा साधारण बारा मिलिमीटर जाडीचा असतो हे खरे. परंतु आडभिंत तिच्या गिलाव्यासकट चटईक्षेत्रात मोजली जात असल्यामुळे घट येते ती फक्त बाह्य घेरावरील गिलाव्याची. आपल्या उदाहरणातील सदनिकेचा आतील घेर ३२ मीटर धरला तर ही घट ०.३८ चौरस मीटर होते, म्हणजे पाऊण टक्क्याहूनही कमी. उरलेले १.७३ चौरस मीटर गिलाव्याच्या नावे मांडता येत नाहीत.

ते कोठे गेले हे मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष मोजणीचा नकाशा एकावर एक ठेवल्यावाचून कळत नाही. आपल्या सदनिकेत ते ठेवले असता असे दिसले, की स्नानगृहांमागील डक्टमध्ये जादा नळ बसवावे लागल्याने त्याची भिंत २.४० मीटर लांबीत ०.३० मीटर आत सरकली आणि ०.७२ चौरस मीटर गेले. आणि दिवाणखाना व बाल्कनी यांमधील ३.३५ मीटरची भिंत तितकीच आत घेतल्याने १.०१ चौरस मीटर चटईक्षेत्रातून निघून बाल्कनीत जमा झाले. जागा गेली नाही, ती बाल्कनीत मिळालीच आहे, असे विकासक येथे म्हणतो. सन १९६३ च्या सदनिका मालकी अधिनियमाखालील जुन्या करारनाम्यात बाल्कनी स्वतंत्र दाखवून चटईक्षेत्रातच धरली जात असे, तेव्हा हे उत्तर काही अंशी चालले असते; २०१६ च्या व्याख्येने ती बाहेर काढली असल्यामुळे आज ते चालत नाही.

तीन टक्क्यांविषयीचा समज तर अधिकच रूढ आणि अधिकच चुकीचा आहे. महाराष्ट्राच्या नियमांसोबतच्या नमुना करारनाम्यात भोगवटा प्रमाणपत्रानंतर विकासकाने अंतिम चटईक्षेत्र कळवावे, फरक तीन टक्क्यांच्या आत असावा, आणि त्या मर्यादेच्या आत घट आली तरी जादा घेतलेली रक्कम करारातील त्याच प्रति चौरस मीटर दराने, ज्या दिवशी ती भरली गेली त्या दिवसापासूनच्या व्याजासह, ४५ दिवसांत परत करावी असे म्हटले आहे. व्याजाचा दर म्हणजे भारतीय स्टेट बँकेचा सर्वाधिक एमसीएलआर अधिक दोन टक्के. याचा अर्थ असा, की तीन टक्के ही माफी नव्हे. एक टक्क्याची घट असली तरी तिचे पैसे द्यावेच लागतात. दर ६०,००० रुपये प्रति चौरस मीटर धरला तर २.११ चौरस मीटरांचे १,२६,६०० रुपये होतात, त्यावरील व्याज प्रत्येक हप्त्याच्या तारखेपासून निराळे. शिवाय येथे घट साडेतीन टक्के आहे, म्हणजे १.८० चौरस मीटरांची मर्यादा ओलांडली गेली आहे, आणि मग प्रश्न निव्वळ परताव्याचा न राहता कराराच्या भंगाचा होतो, ज्यासाठी महारेराकडे कलम ३१ खाली तक्रार करता येते.

डक्टची भिंत सरकवण्यास कदाचित तांत्रिक निकड असेल. दिवाणखान्याच्या भिंतीला ती नव्हती. सुधारित नकाशा महापालिकेने, सुधार प्रन्यासाने वा महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने मंजूर केला आहे एवढे सांगून भागत नाही, कारण कलम १४ प्रमाणे सदनिकेतील फेरफारासाठी सदनिकाधारकाची पूर्वसंमती लागते, आणि नियोजन प्राधिकरणाची मंजुरी त्या संमतीची जागा घेत नाही. सुधारित नकाशावर सही करण्यापूर्वी संमतीपत्राची नक्कल विकासकाकडे मागावी, असे आम्ही आमच्या वास्तुविशारद बांधवांना आग्रहाने सुचवतो.

पत्र लिहिणाऱ्यांचा सल्लागार म्हणून ज्यांना काम करावे लागते त्यांनी पत्रात करारनाम्याचा दस्त क्रमांक व तारीख, दोन्ही चटईक्षेत्रे चौरस मीटरमध्ये, आणि मूळ व सुधारित मंजूर नकाशे व मोजणी तक्ता यांच्या नकलांची मागणी एवढेच लिहावे. नकाशांची माहिती मागणे हा कलम १९ ने दिलेला हक्कच आहे. ताबापावतीवर क्षेत्राबाबत तक्रार नाही असे छापील वाक्य असेल तर त्यापुढे 'क्षेत्राच्या तफावतीबाबतचे हक्क राखून' असे लिहूनच सही करावी. विकासकाच्या बाजूने उत्तर देणाऱ्याने मोजणी तक्ता सही-शिक्क्यासह जोडावा आणि त्यावर अंतिम क्षेत्र कळविल्याची तारीख ठळक घालावी, कारण नमुना करारनाम्यात त्या ४५ दिवसांचा आरंभ कोणत्या दिवसापासून धरावा हे उघड लिहिलेले नाही, आणि तक्त्यावर तारीख नसली की पुढचा सारा वाद तिच्याभोवतीच फिरत राहतो.