वीस टक्के, पण कशाचे?

दुकानदाराला पत्र लिहायचे, आणि तेही अठ्ठेचाळीस रुपयांसाठी, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना हास्यास्पद वाटेल. माझ्या मित्रांनाही ती तशीच वाटली. मला मात्र असे वाटते की, बिलात सुटीचा हिशेब चुकला असेल तर गल्ल्यापाशी उभे राहून बोलण्यापेक्षा पत्र लिहिणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. असे का वाटते, ते एका खऱ्या बिलाच्या आधाराने सांगतो.

या वर्षी आम्ही चौघांनी मिळून संदर्भग्रंथ घेतले. पुस्तके पाच. छापील किमती रुपये २५०, ३२०, १८०, ४०० आणि २९०. एकूण १,४४० रुपये. दुकानाबाहेर पाटी होती : ‘सर्व पुस्तकांवर २० टक्के सूट’. बिलावर लिहिले होते, ‘सूट २० टक्के, रु. २४०, देय रु. १,२००’. रक्कम कशी सरळ, पूर्ण शतकात आलेली! अशा रकमेकडे कोणी संशयाने पाहत नाही. पण १,४४० चे दहा टक्के १४४, म्हणून वीस टक्के २८८. देय रक्कम १,१५२ व्हायला हवी होती. ४८ रुपये जास्त गेले.

आता ही चूक लबाडीची म्हणावी काय? मला तसे वाटत नाही, कारण ती कोठून येते हे पाहण्यासारखे आहे. व्यापारी माणसाचा हात किंमत चढवण्याला सरावलेला असतो. शंभराला घेतलेल्या मालावर वीस टक्के चढवायचे म्हणजे १.२ ने गुणायचे, झाले १२०. मग वीस टक्के उतरवायचे म्हणजे १.२ ने भागायचे, असे त्याला सहजच वाटते. १,४४० ला १.२ ने भागा, बरोबर १,२०० येतात. परंतु चढताना ते वीस रुपये शंभराचा भाग होते. उतरताना तेच वीस एकशेवीसचा भाग होतात, म्हणजे एक षष्ठांश, सुमारे १६.६७ टक्के. पाटीवर वीस आणि हातात पावणेसतराच्याही आत!

गंमत अशी की, दुकानदाराला विचारले तर तो आपले खरेही करून दाखवील. ‘२४० हे १,२०० चे वीस टक्केच आहेत, करून बघा,’ असे तो म्हणेल, आणि ते गणित खोटे नाही. म्हणून वाद गणिताचा नसून ‘कशाचे’ या एका शब्दाचा आहे. सूट ही छापील किमतीवर जाहीर होते, सूट देऊन उरलेल्या रकमेवर नव्हे. पडताळा अगदी सोपा आहे : सुटीची रक्कम मूळ किमतीने भागावी आणि शंभराने गुणावे. पाटीवरचा आकडा आला नाही तर समजावे की पाया बदलला आहे. सूट पाच टक्के असेल तर ही चूक अगदीच किरकोळ पडते; पन्नास टक्के असेल तर ७२० ऐवजी ९६० रुपये मागितले जातील आणि कोणीही ओरडेल. चूक टिकून राहते ती मधल्या, दहा ते पंचवीस टक्क्यांच्या पाट्यांवर.

पत्र लिहिण्याआधी आपलेही घर तपासावे. पाटीवर ‘पर्यंत’ हा बारीक शब्द होता काय? क्रमिक पुस्तकांना वेगळी सूट आहे काय? ‘वीस आणि वर दहा टक्के’ अशी सूट असेल तर ती तीस होत नाही, अठ्ठावीसच होते. कारण दुसरे दहा टक्के उरलेल्या ऐंशीवर मोजतात. तेथे दुकानदार बरोबर असतो. आमच्या बिलात यांपैकी काही नव्हते, म्हणून आम्ही लिहिले :

‘स. न. वि. वि. आपल्या दुकानातून ८ जुलै रोजी आम्ही पाच पुस्तके घेतली. बिल क्रमांक ४१७. छापील किमतींची बेरीज रु. १,४४०. दर्शनी पाटीप्रमाणे सूट २० टक्के. बिलात सूट रु. २४० धरली आहे. ही रक्कम १,२०० चे २० टक्के होते. १,४४० चे २० टक्के रु. २८८ होतात. त्यामुळे देय रक्कम रु. १,१५२ असावयास हवी, व आमच्याकडून रु. ४८ जास्त घेतले गेले आहेत. हिशेब करताना १.२ ने भागले गेले असावे असे वाटते, ०.८ ने गुणल्यास रक्कम बरोबर येते. कृपया पडताळून पाहावे व फरक परत करावा किंवा पुढील खरेदीत वळता करावा. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. कळावे.’

यात ‘फसवणूक’ हा शब्द नाही, हे मुद्दाम. बिलाची प्रत दिली, मूळ बिल जवळ ठेवले, हेही मुद्दाम. शेवटी दोन मार्ग दिले, म्हणजे समोरच्याला ‘हो’ म्हणणे सोपे जाते. ठरल्यापेक्षा जास्त किंमत घेतली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, हे आम्हाला ठाऊक होते. पण पहिल्याच पत्रात कायद्याची काठी उगारायची गरज नसते.

दुकानदाराने पत्र वाचले, दोनदा आकडे केले आणि ४८ रुपये दिले. वर म्हणाला, ‘पोरांनो, या आठवड्याची सगळीच बिलं अशी झाली असतील.’ आमच्या बारा-बारा रुपयांपेक्षा त्याचे हे वाक्य मला मोलाचे वाटते. चूक एका बिलात नव्हती, रीतीत होती. आणि रीत दुरुस्त होते ती कारण दाखवल्याने, नुसत्या आरडाओरड्याने नव्हे.

माझ्या घरी कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझे वडील शेतमजुरी करतात. गावच्या दुकानात आमचे खाते असते आणि अडचणीच्या महिन्यात तोच दुकानदार उधारीवर धान्य देतो. अशा माणसाला ‘हिशेब चुकला’ म्हणायचे म्हणजे उपकार विसरणे, असे आमच्याकडे मानतात. ही भीती खोटी नाही. चार माणसांत बोललेला शब्द लगेच अब्रूवर जातो. मग आकडे बाजूला राहतात आणि भांडण उरते. पत्राचे तसे नाही. ते एकांतात वाचता येते, पुन्हा पडताळता येते आणि कमीपणा न घेता मान्यही करता येते. ज्याला उद्या पुन्हा त्याच दुकानात जायचे आहे, त्याच्यासाठी तर पत्राइतके दुसरे साधन नाही.

शेकडेवारी आपण सर्वच शाळेत शिकलो, आणि दुकानदारास पत्र हा प्रश्नही परीक्षेत सोडवला. पण दोन्ही एकत्र वापरावीत असे कोणी सांगितले नाही. या दिवाळीत पाट्या लागतील तेव्हा मित्रांनी आपापली बिले एकदा भागून पाहावीत. आकडा जुळला तर उत्तमच. न जुळला तर एक कोरा कागद घ्यावा आणि वर ‘स. न. वि. वि.’ लिहून सुरुवात करावी.