अर्जात जसेच्या तसे उतरणारे उत्तर

नोव्हेंबर महिन्यात बेंगळुरू ग्रामीण जिल्ह्यातील देवनहळ्ळी परिसरात नाचणीची कापणी चालू असते. कापलेले पीक शिवारातच पसरून किंवा लहान पेंढ्या बांधून वाळत ठेवण्याची तेथील रीत आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात दक्षिण कर्नाटकात अवकाळी पाऊस झाला आणि अनेक ठिकाणी हे वाळत घातलेले पीक भिजून कणसांना कोंब फुटले. अशा वेळी शेतकरी जाणकाराला विचारतो, जाणकार मोबाईलवर उत्तर पाठवतो, आणि शेतकरी ते उत्तर उचलून विम्याच्या अर्जात किंवा कार्यालयाच्या ई-मेलमध्ये चिकटवतो. उत्तराचा हा दुसरा प्रवास उत्तर देणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. सल्ला अचूक असूनही अर्ज अपुरा राहतो, तो बहुधा याच टप्प्यावर.

एक कल्पित पण नेहमीचे उदाहरण घेऊ. देवनहळ्ळीजवळ शेती करणाऱ्या एका मराठी कुटुंबाने १२ नोव्हेंबर २०२१ रोजी नाचणी कापून शेतात पसरली. १९ तारखेला ती पावसात सापडली. कुटुंबाने महाराष्ट्रातील परिचित कृषी विस्तारकाला फोनवर हकिगत सांगितली. त्याने तत्परतेने लिहिले: "नमस्कार काका, काल तुमची नाचणी भिजली ना, मग *लगेच* विमा कंपनीला कळवा. कापणीनंतरचे नुकसानही धरतात, पण *७२ तासांत* सांगावे लागते. तुमचे क्षेत्र १.२० आहे, सर्व्हे नंबर ४५/२ टाका. कोंब आले असतील तर फोटोही काढून ठेवा."

यातील एकही गोष्ट चुकीची नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, जेथे ही जोखीम अधिसूचित आहे तेथे, वाळवण्यासाठी शेतात कापून पसरलेल्या वा लहान पेंढ्या बांधून ठेवलेल्या पिकाचे अवकाळी पाऊस, चक्रीवादळ, चक्रीवादळी पाऊस किंवा गारपीट यांनी झालेले नुकसान कापणीपासून दोन आठवड्यांपर्यंत ग्राह्य धरता येते. घटनेपासून ७२ तासांच्या आत सूचना द्यावी लागते. ती विमा कंपनीला, बँकेला, कृषी विभागाला किंवा १४४४७ या टोल-फ्री क्रमांकावर देता येते. उदाहरणातील कुटुंबाला म्हणजे २२ नोव्हेंबरपर्यंतच अवधी होता. घाईत त्यांनी विस्तारकाचा संदेश जसाच्या तसा ई-मेलमध्ये टाकला. पाठवण्याचा दिवस २१ नोव्हेंबर.

त्या ई-मेलचे वाचणाऱ्याच्या दृष्टीने काय झाले असेल? "काल" या शब्दामुळे नुकसानाची तारीख १९ ऐवजी २० झाली. "तुमची नाचणी" हे शब्द कार्यालयाला उद्देशून लिहिल्यासारखे झाले. कापणीची तारीख कोठेच नाही, त्यामुळे घटना दोन आठवड्यांच्या आत घडली की नाही हे ठरवता येत नाही. "भिजली" एवढ्यावरून पीक उभे होते की कापून पसरलेले होते हेही कळत नाही. आणि योजनेत या दोन अवस्थांचे नियम वेगळे आहेत. शिवाय मजकूर मराठीत, कार्यालयाचा कारभार कन्नड व इंग्रजीत. शेतकऱ्याला समजावण्यासाठी लिहिलेले उत्तर अर्जाच्या कामी आले नाही.

यावरचा उपाय म्हणजे दोन कामांसाठी दोन वेगळे संदेश. पहिला संदेश शेतकऱ्याने वाचण्यासाठी: काय करावे, कोठे, किती वेळात, आणि का. दुसरा संदेश केवळ उचलून चिकटवण्यासाठी. त्याच्या आरंभी "हे पाहा" नाही, शेवटी "शुभेच्छा" नाही. दाबून धरले, कॉपी केले, चिकटवले, इतकेच. व्हॉट्सॲपवर अनेक संदेश एकत्र निवडून कॉपी केल्यास प्रत्येकाच्या आधी तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचे नाव चिकटून येते. म्हणून चिकटवायचा मजकूर एकाच संदेशात असावा. ठळक अक्षरांसाठी वापरलेल्या तारका पडद्यावर दिसत नाहीत, पण कॉपी केलेल्या मजकुरात पुन्हा उगवतात. म्हणून त्यात ठळक करण्याचा मोह टाळावा. मजकुराचे छायाचित्र पाठवणे तर सर्वांत वाईट, कारण त्यातून शेतकऱ्याला हाताने टंकावे लागते आणि आकड्यांच्या चुका तेथेच शिरतात.

वरच्या उदाहरणातील दुसरा संदेश असा हवा होता:

```
Crop: Ragi
Crop stage: Harvested, cut and spread in field for drying
Date of harvest: 12-11-2021
Date of loss: 19-11-2021
Cause of loss: Unseasonal rain
Survey No: 45
Surnoc: *
Hissa: 2
Area affected: 1 acre 20 guntas
Application No: ____
```

यातील प्रत्येक ओळीमागे कारण आहे. पिकाचे नाव तेथील कार्यालयात जे चालते तेच, म्हणजे रागी. अवस्थेची ओळ योजनेच्या भाषेत, कारण तपासणारा नेमके तेच शब्द शोधतो. तारखा दोन, आणि दोन्ही पूर्ण. "काल", "परवा", "गेल्या आठवड्यात" हे शब्द लिहिणाऱ्याच्या दिवसाशी बांधलेले असतात आणि मजकूर एक दिवस जरी थांबला तरी खोटे ठरतात. ई-मेलच असेल तर या ओळींच्या आधी एखादे वाक्य घालावे, पण ते शेतकऱ्याच्या तोंडचे: "माझ्या शेतातील" असे, "तुमच्या शेतातील" असे नव्हे. लिहितो विस्तारक, पण सही शेतकऱ्याची असते.

सर्वांत फसवी ओळ क्षेत्राची आहे. महाराष्ट्रातील विस्तारकाच्या डोळ्यांना सातबाऱ्यावरील हेक्टर-आरची सवय असते. कर्नाटकातील पहाणीवर, म्हणजे आरटीसीवर, क्षेत्र एकर-गुंठ्यात असते. तेथे १.२० चा अर्थ एक एकर वीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून हे दीड एकर झाले, सुमारे ०.६१ हेक्टर. हाच आकडा एकर विचारणाऱ्या रकान्यात दशांश म्हणून गेला तर सव्वा एकराहूनही कमी, सुमारे ०.४९ हेक्टर होतो. बिंदू तोच, आकडे तेच, आणि बारा आर क्षेत्र कागदावरून नाहीसे. हेक्टर म्हणून वाचला गेला तर त्याहून मोठा गोंधळ उलट दिशेने. म्हणून चिकटवायच्या मजकुरात एकक अक्षरांत लिहावे. रकाना फक्त दशांश एकर घेत असेल तर रूपांतर उत्तर देणाऱ्यानेच करून 1.5 असे द्यावे. ते काम रात्री दहा वाजता मोबाईलवर अर्ज भरणाऱ्या माणसावर टाकू नये.

सर्व्हे क्रमांकाचेही तसेच. कर्नाटकच्या 'भूमी' संकेतस्थळावर सर्व्हे क्रमांक, सर्नोक आणि हिस्सा हे तीन वेगळे रकाने आहेत. "४५/२" असे एकत्र लिहिले तर शेतकऱ्याला ते तोडून कोठे काय टाकायचे हे स्वतः ठरवावे लागते. तीन ओळी दिल्या की तीन वेळा उचलून तीन ठिकाणी ठेवता येते. सर्नोकच्या जागी पुष्कळदा केवळ तारका असते. ती सजावट नसून माहिती आहे, हेही वेगळ्या ओळीमुळे स्पष्ट राहते.

आकड्यांच्या लिपीकडे विशेष लक्ष हवे. मराठी मजकुरात ४५ लिहिणे योग्यच आहे. पण ऑनलाइन अर्जांतील अंकांचे रकाने बहुधा 0 ते 9 हेच अंक ओळखतात आणि देवनागरी अंक नाकारतात. नाकारताना संदेशही नेमका येत नाही. "अवैध नोंद" एवढेच दिसते आणि शेतकऱ्याला वाटते की सर्व्हे क्रमांकच चुकला. बँकेच्या आयएफएससी संकेतात अकरा चिन्हे असतात आणि पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते. तेथे इंग्रजी 'ओ' अक्षर टंकले गेले तर डोळ्यांना फरक दिसत नाही. असा संकेत वाक्यात गुंफू नये, शेवटी पूर्णविराम देऊ नये. स्वतंत्र ओळीवर, मागेपुढे मोकळी जागा न सोडता लिहावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली टिपणे उचलली तर दुसरीकडे निरर्थक अक्षरांचा ढीग उमटतो. अशी टिपणे चिकटवण्यासाठी पाठवूच नयेत.

या पद्धतीवर एक आक्षेप रास्त आहे. तयार मजकूर दिला की लोक तो न वाचता पुढे पाठवतील, आणि एकाच गावातून चाळीस अर्ज शब्दशः सारखे आले तर तपासणाऱ्याला संशय येईल. हा धोका खरा आहे. म्हणून तयार मजकुरात काय भरायचे याला मर्यादा हवी. योजनेची परिभाषा, रकान्यांचा क्रम, एककांचे रूपांतर हे विस्तारकाने द्यावे. तारीख, क्षेत्र, नुकसानीचे स्वरूप हे शेतकऱ्याने सांगितले असेल तरच लिहावे. सांगितले नसेल तर वरील अर्ज क्रमांकाप्रमाणे ठळक रिकामी जागा सोडावी. पहिल्या संदेशात "एक जागा रिकामी आहे, ती विम्याच्या पावतीवरून भरा" असे संख्येसह सांगावे. अंदाजाने भरलेली तारीख रिकाम्या जागेपेक्षा घातक, कारण रिकामी जागा दिसते आणि चुकीची तारीख दिसत नाही. "सुमारे ८० टक्के नुकसान" असा आकडा तर विस्तारकाने दुरून कधीच लिहू नये. ते ठरवणे पाहणी करणाऱ्याचे काम आहे.

उत्तर असे उतरते की नाही, हे पाठवण्याआधी दोन मिनिटांत कळते. दुसरा संदेश स्वतःलाच किंवा सहकाऱ्याला पाठवावा, कॉपी करून कोऱ्या ई-मेलमध्ये चिकटवावा आणि ज्याला प्रकरण माहीत नाही अशा माणसाला वाचायला द्यावा. कोणाचे पीक, कोणत्या अवस्थेत, कधी, कशाने, कोठे, किती क्षेत्रात, या सहा गोष्टी त्याला काही न विचारता सांगता आल्या तर मजकूर पाठवण्याजोगा आहे. एकही प्रश्न त्याला विचारावा लागला, तर तोच प्रश्न कार्यालय विचारील, आणि तोवर ७२ तास उलटून गेलेले असतील.