प्रश्नच चुकला असेल तर?

गेल्या पंधरवड्यात एका माजी विद्यार्थिनीने भ्रमणध्वनीवरून एक छायाचित्र पाठविले. ती आता एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकविते. छायाचित्र सरावाच्या पुस्तकातील एका पानाचे होते. पानाचा कोपरा दुमडलेला आणि मजकुरावर दिव्याची तिरीप. प्रश्न असा होता: एका कारखान्यातील पुरुष कामगारांचे सरासरी दैनिक वेतन ५२० रुपये व स्त्री कामगारांचे ४२० रुपये आहे, सर्व कामगारांचे सरासरी वेतन ५६० रुपये असल्यास पुरुष कामगारांचे शेकडा प्रमाण काढा. खाली तिने लिहिले होते, "सर, मुलांनी दोन उत्तरे काढली आहेत. काहींचे १४० टक्के येते, काहींचे सुमारे ७८. बरोबर कोणते?"

बरोबर कोणतेच नाही. कारण हा प्रश्न या स्वरूपात सुटूच शकत नाही. त्यासाठी आकडेमोडीचीही गरज नाही. दोन गटांची एकत्रित सरासरी ही त्या दोन गटांच्या सरासरींच्या दरम्यानच असावयास हवी. ज्या कारखान्यात पुरुषांना सरासरी ५२० आणि स्त्रियांना त्याहून कमी मिळतात, तेथे सर्वांची सरासरी ५६० होणार कोठून? ४२० ते ५२० या मर्यादेबाहेरचा कोणताही आकडा तेथे असंभवनीय आहे.

तरीही मुलांनी उत्तरे काढली, आणि ती कशी काढली हे पाहण्याजोगे आहे. रीतीप्रमाणे एकूण सरासरीतून स्त्रियांची सरासरी वजा केली की १४० उरतात, आणि पुरुषांच्या सरासरीतून एकूण सरासरी वजा केली की उणे ४०. पुरुष व स्त्रिया यांचे हे परस्पर प्रमाण. ज्यांनी चिन्ह प्रामाणिकपणे राखले, त्यांना पुरुष १४० टक्के व स्त्रिया उणे ४० टक्के असे उत्तर मिळाले. ज्यांना ते विचित्र वाटले, त्यांनी उणे चिन्ह पुसून टाकले, १४० व ४० यांचे ७ : २ केले आणि सुमारे ७८ टक्के हे सभ्य दिसणारे उत्तर लिहिले. पण ७८ टक्के पुरुष धरून सरासरी पुन्हा काढली तर ती ४९८ रुपयांच्या आसपास येते, ५६० नव्हे. चूक ज्या उणे चिन्हाने स्वतः सांगितली होती, तेच चिन्ह पुसले गेले. १४० टक्के लिहिणाऱ्यांचे उत्तर हास्यास्पद दिसते खरे. परंतु त्यांच्या वहीत चुकीचा पुरावा शिल्लक राहिला, हे विसरता येणार नाही.

ही खोड आपल्याच मुलांची आहे असे मात्र नाही. फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथील गणित अध्यापन संशोधन संस्थेने १९८० च्या सुमारास प्राथमिक शाळेतील मुलांना एक प्रश्न घातला होता: जहाजावर २६ मेंढ्या व १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या संख्यांची काही ना काही क्रिया करून वय सांगितले. छापलेल्या प्रश्नाला उत्तर असतेच, ही शाळेने दिलेली शिकवण मुलांनी इमानाने पाळली, इतकेच.

आता प्रश्न चुकला आहे हे ठरल्यावर पुढे काय? येथे दुसरा मोह उभा राहतो. तो म्हणजे चूक मनातल्या मनात दुरुस्त करून उत्तर कळविण्याचा. छापताना अंकांची अदलाबदल होऊन ५०६ चे ५६० झाले असेल, असे मानले तर पुरुषांचे प्रमाण ८६ टक्के येते. उलट पुरुषांचे वेतन ६२० असून अंधुक छायाचित्रात ६ चा ५ भासला असेल, तर उत्तर ७० टक्के येते. दोन्ही तर्क सारखेच सयुक्तिक आहेत आणि दोन्ही उत्तरे निराळी आहेत. चूक आहे हे सिद्ध करता येते. चूक कोठे आहे हे पुष्कळदा सिद्ध करता येत नाही. हा भेद ओळखला नाही, तर मुलांच्या ७८ टक्क्यांत आणि शिक्षकाच्या ८६ टक्क्यांत गुणात्मक फरक राहत नाही.

म्हणून दोष तीन ठिकाणी शोधावा, आणि तोही क्रमाने. आधी आपल्या वाचण्यात, मग छायाचित्रात, शेवटी छपाईत. छायाचित्रात १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, दशांशचिन्ह पुसट होते, दहाचा वर्ग वरचा बारीक अंक खाली उतरल्याने एकशे दोन होतो, आणि कडेला कापलेल्या ओळीत एखादी अट हरवते. मूळ पान पाहिल्याशिवाय मुद्रकाला दोष देणे अन्यायाचे होईल.

मी त्या विद्यार्थिनीस लिहिले: "तू पाठविलेल्या चित्रात मला ५२०, ४२० आणि ५६० हे आकडे दिसतात. ते तसेच असतील तर एकूण सरासरी दोन्ही गटांच्या वर जाते, आणि तसे होऊ शकत नाही. कदाचित माझ्या वाचण्यात चूक असेल. मूळ पुस्तक पाहून हे तीन आकडे कळवतेस का? आकडा बदलला तर रीत हीच राहील." यात आपण काय वाचले, ते का जुळत नाही आणि आता काय हवे, एवढेच आहे. लेखकाच्या अज्ञानाचा उद्धार नाही आणि पाठविणाऱ्याला कमीपणाही नाही. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: पुस्तकातही ५६० च छापले होते. तेव्हा याच मजकुराचे पत्र प्रकाशकाला पाठवावे, असे आमचे ठरले.

मात्र विचित्र दिसणारी प्रत्येक गोष्ट चूक नसते, हेही बजावले पाहिजे. कुटुंबातील सरासरी माणसे ४.३ आली म्हणून प्रश्न चुकत नाही. सरासरीला पूर्णांक असण्याचे बंधन नाही. किंमतीची पाचपट करून वीस वजा केले की पुरवठा मिळतो, असे समीकरण पाहून विद्यार्थी गोंधळतात. पण त्याचा अर्थ किंमत चार रुपयांच्या वर गेल्याखेरीज माल बाजारात येणार नाही, एवढाच. 'हे मला अनोळखी आहे' आणि 'हे होऊच शकत नाही' यांत अंतर आहे. दुसरे विधान करावयाचे तर कोणता नियम मोडला, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल, तर चूक बहुधा आपलीच.

परीक्षेच्या दालनात मूळ पान मागविण्याची सोय नसते. तेथे पर्यवेक्षकाच्या नजरेस आणून द्यावे, उत्तरपत्रिकेत विसंगती एका वाक्यात नोंदवावी, रीत मांडावी आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावे. महाराष्ट्र लोकसेवा आयोग पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करून हरकती मागवितो, तो प्रश्नकर्ताही चुकू शकतो हे मान्य करूनच. आयोगाला जे मान्य आहे, ते आपल्या वर्गात मात्र अजून उद्धटपणा ठरते. 'सर, हा आकडा जुळत नाही' असे म्हणणाऱ्या मुलाला आधी खाली बसविले जाते, आणि उणे चिन्ह पुसणाऱ्याला गुण मिळतात. उद्या हीच मुले कचेऱ्यांत तक्ते व हिशेब तपासावयास बसणार आहेत. न जुळणारी बेरीज वरिष्ठांपुढे ठेवणारा कारकून आपल्याला हवा असेल, तर वर्गात ७८ टक्क्यांवर बरोबरची खूण करणे आधी थांबविले पाहिजे.