शब्दाची घडण आणि वाक्याची साक्ष

वाचन करीत असताना अनोळखी शब्द आडवा आला, की वाचकांचे तीन प्रकार दिसून येतात. काही जण तो शब्द ओलांडून पुढे जातात. काही जण तत्काळ पुस्तक बाजूस ठेवतात आणि शब्दकोश उघडतात. थोडे वाचक मात्र त्या शब्दापाशी क्षणभर थांबतात, त्याचे भाग पाडून पाहतात, त्यांत ओळखीचे काही सापडते का याचा शोध घेतात आणि मनाशी एक तर्क बांधतात. या तिघांत तिसऱ्याची रीत सर्वांत चांगली होय. परंतु तिला एक अट आहे. बांधलेला तर्क वाक्यात बसवून पारखून घेतला पाहिजे. ही अट न पाळणारा वाचक शब्द ओलांडून जाणाऱ्यापेक्षाही अधिक फसतो. कारण न कळलेली गोष्ट आपल्याला कळली, असे त्याला वाटू लागते.

ही रीत कशी चालते, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. पावसाळ्यात धरणे भरू लागली, की वर्तमानपत्रांत पुढील धर्तीची सूचना येते: ‘धरणाचे दरवाजे उघडण्यात आले असून नदीपात्रात दर सेकंदाला १०,००० घनफूट पाण्याचा विसर्ग सुरू आहे. नदीकाठच्या रहिवाशांनी सावध राहावे.’ नदीकाठी राहणारी सातवीतील एखादी मुलगी ही सूचना घरच्या मंडळींना वाचून दाखवीत आहे, असे समजू. ‘विसर्ग’ हा शब्द तिला ठाऊक आहे. पण तो व्याकरणाच्या तासाचा. ‘दुःख’ या शब्दात ‘दु’पुढे जी दोन टिंबे येतात, त्यांना विसर्ग म्हणतात, एवढेच ती जाणते. पाण्याची दोन टिंबे, हा अर्थ येथे मुळीच जुळत नाही. इतक्यात आजोबांनी विचारले, “बाळ, विसर्ग म्हणजे काय ग? गुरे काठावरून हलवायची का?” तर उत्तर द्यायला तिच्यापाशी काही साधन हवे.

ते साधन शब्दातच आहे. ‘विसर्ग’चे ‘वि’ आणि ‘सर्ग’ असे दोन भाग पडतात. धातूच्या किंवा शब्दाच्या आधी लागून त्याचा अर्थ पालटणाऱ्या ‘वि’सारख्या अक्षरांना उपसर्ग म्हणतात. आता ‘सर्ग’चे नातलग शोधावयाचे. ‘वि’ आणि त्यापुढे ‘सर्ग’सारखा ध्वनी असलेला कोणता शब्द घरीदारी ऐकू येतो? ‘विसर्जन’ हा शब्द महाराष्ट्रातील लहान मुलालाही ठाऊक असतो. गणेशचतुर्थीला आणलेली मूर्ती पाण्यात सोडणे म्हणजे विसर्जन. ‘सर्ग’ आणि ‘सर्जन’ यांत ‘ग’ आणि ‘ज’ एवढाच मुख्य भेद आहे आणि हा भेद संस्कृतातून आलेल्या शब्दांत वारंवार आढळतो. ‘योजना’ आणि ‘योग’, ‘विभाजन’ आणि ‘विभाग’, या जोड्या तशाच आहेत. एकाच धातूचा शेवटचा ‘ज्’ काही प्रत्ययांपुढे तसाच राहतो आणि काही प्रत्ययांपुढे त्याचा ‘ग्’ होतो. ‘सर्ग’ आणि ‘सर्जन’ या दोहोंचा धातू ‘सृज्’ असा असून सोडणे, बाहेर टाकणे, निर्माण करणे, हे त्याचे अर्थ आहेत. ‘सृष्टी’ हा शब्दही त्याच घरातला.

आता ‘वि’ घ्यावयाचा. येथे घाई करणारा वाचक चुकतो. उपसर्गाला एकच ठरावीक अर्थ असतो, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः ‘विज्ञान’ या शब्दात ‘वि’ म्हणजे विशेष, ‘विसंगत’ या शब्दात ‘वि’ म्हणजे उलट किंवा रहित, आणि ‘वियोग’ या शब्दात ‘वि’ म्हणजे वेगळे, दूर. यांपैकी कोणता अर्थ घ्यावयाचा, हे केवळ शब्दाकडे पाहून ठरत नाही. ते वाक्य ठरविते. धरणाचे दरवाजे उघडले आहेत, पाणी नदीच्या पात्रात जात आहे, काठच्या लोकांना सावध केले आहे; तेव्हा ‘दूर’ हा अर्थ घेऊन ‘विसर्ग’ म्हणजे दूर सोडणे, असा तर्क बांधता येतो. मग मूळ शब्दाच्या जागी हा अर्थ ठेवून वाक्य पुन्हा वाचावयाचे: ‘नदीपात्रात पाणी सोडणे सुरू आहे.’ वाक्य सरळ लागते आणि पुढच्या वाक्यातील सावधगिरीचे कारणही उलगडते. आता ती मुलगी आजोबांना सांगू शकते, की धरणातून पाणी सोडले आहे, नदी चढेल. गुरे काठावरून हलवावीत.

एवढ्यावर हा लाभ संपत नाही. व्याकरणातील दोन टिंबांना विसर्ग का म्हणतात, हेही आता कळते. ‘दुः’ असा उच्चार करताना स्वरानंतर थोडा श्वास बाहेर सोडावा लागतो. त्या सोडण्याचे चिन्ह म्हणून ती टिंबे येतात. पाण्याचा विसर्ग आणि श्वासाचा विसर्ग हे दोन निराळे शब्द नव्हेत. एकाच शब्दाचे ते दोन उपयोग आहेत.

एकदा धातू हाती आला, की त्याच्या घरातील इतर शब्दही ओळख देऊ लागतात. विज्ञानाच्या पुस्तकात मूत्रपिंडांच्या धड्यात ‘उत्सर्जन’ हा शब्द येतो, आणि हवेच्या प्रदूषणाविषयी लिहितानाही ‘कारखान्यांतून होणारे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन’ असे शब्द येतात. ‘उत्’ म्हणजे वर किंवा बाहेर. जमीन खणून वस्तू वर काढणे म्हणजे ‘उत्खनन’, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला उत्सर्जन म्हणजे बाहेर टाकणे, हे सांगावे लागत नाही. शरीर नको असलेली द्रव्ये बाहेर टाकते, कारखाना वायू बाहेर टाकतो, शब्द एकच. ‘संसर्ग’ या शब्दात ‘सम्’ म्हणजे एकत्र. एकमेकांत मिसळणे, एकमेकांच्या संपर्कात येणे, म्हणजे संसर्ग.

शब्दाच्या शेवटी लागणारे प्रत्ययही असाच मार्ग दाखवितात. मात्र ते कधीकधी शब्दाच्या आरंभालाही हात लावतात, हे ध्यानात ठेवावे. ‘सांसर्गिक रोग’ असे शब्द प्रथमच वाचणारा मुलगा ‘सां’ या आरंभाने गोंधळतो. परंतु ‘इक’ हा प्रत्यय लागताना पहिला स्वर पुष्कळदा बदलतो. दिन–दैनिक, भूगोल–भौगोलिक, निसर्ग–नैसर्गिक, या जोड्या पाहिल्या म्हणजे ‘सांसर्गिक’मधून ‘संसर्ग’ वेगळा काढणे कठीण जात नाही. संसर्गाने होणारा तो सांसर्गिक रोग. अनोळखी शब्दाच्या शेवटी ‘इक’ दिसला, तर आरंभीचा दीर्घ स्वर ऱ्हस्व करून पाहावा. ओळखीचा शब्द बहुधा तेथेच लपलेला असतो.

आता या रीतीत फसगत कोठे होते, ते पाहू. पहिली फसगत सारख्या दिसणाऱ्या शब्दांनी होते. ‘विसर्ग’ पाहून एखाद्याला ‘विसरणे’ आठवेल. अक्षरे जुळतात, पण नाते नाही. ‘विसरणे’ हे ‘विस्मरण’ या शब्दाच्या कुळातले असून त्याचा धातू ‘स्मृ’, म्हणजे आठवणे, हा आहे. ही चूक वाक्यच पकडून देते. कारण दरवाजे उघडून कोणी पाण्याचे विस्मरण सुरू करीत नाही.

दुसरी फसगत नसलेला उपसर्ग कल्पिल्यामुळे होते. फारसीतून मराठीत आलेला ‘बे’ हा उपसर्ग ‘रहित’ असा अर्थ सांगतो. बेइमान म्हणजे इमान नसलेला. बेदाणा हा शब्दही याच रीतीने झाला आहे; ज्यात दाणा, म्हणजे बी, नाही तो बेदाणा. म्हणून काही ‘बेडूक’ या शब्दातून ‘बे’ वेगळा काढता येत नाही. कारण उरलेला ‘डूक’ मराठीत अन्यत्र कोठेही भेटत नाही. उपसर्ग काढल्यावर उरलेला भाग दुसऱ्या एखाद्या शब्दात जिवंत आहे का, ही पहिली कसोटी. तथापि ती एकटी पुरत नाही. ‘बेसन’मधून ‘बे’ काढला, तर ‘सन’ उरतो आणि तो शब्द मराठीत आहे. पण ‘ज्याला सन नाही ते बेसन’ हा अर्थ हास्यास्पद होतो. म्हणून भाग सापडले तरी पुरे नाही. त्यांच्या जुळणीतून वाक्याला साजेल असा अर्थ निघाला पाहिजे.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. काही शब्दांचे भाग खरे असतात, तरी वापराच्या ओघात अर्थ दूर गेलेला असतो. ‘निसर्ग’ या शब्दातही तोच ‘सर्ग’ आहे. परंतु ‘नि’ आणि ‘सर्ग’ यांची बेरीज करून डोंगर, नद्या, वृक्ष यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहत नाही. खुद्द ‘उपसर्ग’ हा शब्दही याच घरातला आहे. व्याकरणात तो शब्दाच्या आधी जोडलेला भाग दाखवितो. पण जुन्या मराठी पुस्तकात ‘गावाला वाघाचा उपसर्ग होऊ लागला’ असे वाक्य आले, तर तेथे उपसर्ग म्हणजे त्रास, पीडा. शब्दाची घडण त्याचा जन्म कोठे झाला, एवढे सांगते. तो आज काय काम करतो, हे वाक्य सांगते. दोहोंत विरोध दिसला, तर वाक्याची साक्ष मानावी.

कोणी म्हणेल, की इतक्या शंका आहेत, तर आरंभीच शब्दकोश उघडणे काय वाईट? कोशाची योग्यता निर्विवाद आहे. प्रश्न केवळ क्रमाचा आहे. कोशात एका शब्दापुढे अनेक अर्थ असतात. ‘विसर्ग’ या शब्दापुढे सोडणे हा अर्थ मिळेल, दान हा मिळेल आणि दोन टिंबेही मिळतील. मनाशी काहीही न ठरविता तेथे गेलेला वाचक त्यांतील पहिला अर्थ उचलतो. ज्याने आधी तर्क बांधून तो वाक्यात पारखला आहे, त्याला आपण काय शोधत आहोत, हे ठाऊक असते. गोष्टीच्या पुस्तकात असा पारखलेला तर्क पुरेसा होतो. परंतु औषधाच्या वेष्टनावरील किंवा सरकारी सूचनेतील शब्द असेल, तर तर्कावर थांबू नये. ‘उपहार’ म्हणजे भेट आणि ‘अपहार’ म्हणजे दुसऱ्याचे धन लाटणे. धातू एकच, भेद आरंभीच्या एका अक्षराचा. अशा ठिकाणी कोश उघडावा, अथवा जाणत्या माणसाला विचारावे. प्रथम शब्दाची घडण, मग वाक्याची साक्ष आणि शेवटी कोशाचा निर्णय, हाच क्रम योग्य होय.