पळसाला पाने तीनच, पण फुलताना नाहीत

फाल्गुनात घाटंजीकडून पांढरकवड्याला जाताना पळस डोळ्यांत भरतो. त्याच सुमारास त्याची चित्रेही निघतात आणि बहुतेकांत एकच चूक असते: केशरी फुलांच्या घोसाशेजारी, त्याच फांदीवर, हिरवीगार पाने. चित्र देखणे, पण खोटे. पळस फुलतो तेव्हा झाड जवळजवळ उघडे असते. पालवी येते ती फुले ओसरल्यावर.

वनस्पतीचित्रकाराला मात्र पान, फूल आणि शेंग तिन्ही एकाच कागदावर हवी असतात, कारण झाड ओळखायला तिन्ही लागतात. यावर तोडगा म्हणजे ती फांदीला न जोडता वेगवेगळी मांडायची. मधली मोकळी जागाच सांगते, की हे ऋतू वेगळे आहेत. माझ्या मते सौंदर्याचा प्रश्नही इथेच सुटतो. कागद भरून टाकण्याचा मोह आवरला, तर मांडणी आपोआप नीटस होते.

मी आधी फूल घेतो. तोडल्यावर ते लवकर मलूल होते, म्हणून झाडाखाली बसूनच रंगाचे ठिपके कागदाच्या कडेला लावून ठेवतो. घरी एक फूल ब्लेडने उकलायचे. मागचा मोठा ध्वज, बाजूचे दोन पंख आणि पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली नौका; तिच्या आत दहा पुंकेसर, नऊ जोडलेले आणि एक सुटा. त्या सुट्याला चित्रात सुटाच ठेवायचा.

खरी फसगत रंगात होते. पाकळ्यांवर बाहेरून रेशमी लव असते, तिने केशरी रंग किंचित मंदावतो. ट्यूबमधला नारिंगी तसाच फासला, तर फूल प्लॅस्टिकचे दिसते. खालचा काळपट, मखमली पुष्पकोश नीट उतरला, तर पाकळ्यांना न भडकवताही उजाळा येतो.

पानाबाबत आपली म्हणही जरा सैल आहे. ती तीन पाने नव्हेत, एकाच पानाच्या तीन पर्णिका. मधली दोन्ही बाजूंनी सारखी, कडेच्या दोन तळाशी तिरक्या. तिन्ही एकाच साच्यातून काढल्या, तर चित्रकाराने पान हातात घेतले नव्हते हे लगेच कळते. मोठे पान फुलाच्या मापात कागदावर मावत नाही. तेव्हा ते लहान काढायचे आणि शेजारी मोजपट्टीची रेघ द्यायची.

पुण्याजवळ दापोडीच्या बागेसाठी अलेक्झांडर गिब्सनने १८४७ ते १८५० या काळात अशी चित्रे करवून घेतली. ती आज एडिनबर्गच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. काढणाऱ्याचे नाव मात्र कोणी नोंदवले नाही.

माझा पळसाचा कागद होळीला सुरू झाला. पान परवा पुरे केले. चपट्या शेंगेत एकच बी असते, तेही टोकाला. ती पिकून वाळेपर्यंत उजवा कोपरा कोराच राहील.