निम्म्या पाण्याचा हिशेब

आकुर्डीच्या शेतकरी मेळाव्यात वक्त्यांनी टाळी घेतली ती एका वाक्यावर : "ठिबक बसवा, निम्मं पाणी वाचेल." ठिबकाचा मीही पुरस्कर्ता आहे, पण हे वाक्य जसंच्या तसं गळी उतरत नाही.

मे महिन्यातला वाढीला लागलेला ऊस घ्या. त्याला दिवसाला साधारण ७ मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे एकरी २८ हजार लिटर. पाणी पाटानं येवो की नळीनं, त्याची तहान फारशी बदलत नाही. दहा दिवसांनी १०० मिलिमीटरची मोकाट पाळी दिली तर ४ लाख लिटर जातात. ठिबकाची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर त्याच दहा दिवसांना सुमारे ३ लाख १० हजार लागतील. बचत झाली पाव हिश्शाच्या आसपास. लांब सऱ्या आणि हलकी जमीन असेल, किंवा पीक अजून लहान असेल, तर ती बरीच वाढेल. पण सरसकट निम्मी नव्हे.

आणि वाचलेलं पाणी कुणाचं? पवनेच्या बंद जलवाहिनीला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ला मावळात तीन शेतकरी गोळीबारात गेले. त्या भागातल्या माणसाला हा प्रश्न पडणारच, आणि भाषणात त्याला बगल दिली गेली. खरं तर वाचलेलं पाणी बहुतेकदा त्याच शेतकऱ्याच्या शेजारच्या कोरडवाहू तुकड्यात जातं. त्यात गैर काही नाही, फक्त त्याला धरणाची बचत म्हणू नये.

मग ठिबक कशासाठी? वाफशासाठी. मोकाट पाण्यानंतर पहिले दोन-तीन दिवस मुळांशी हवा नसते आणि पाळीच्या शेवटी ऊस सुकू लागतो. ठिबकानं थोडं थोडं पाणी रोज मिळतं, वाफसा टिकतो, आणि विद्राव्य खत हप्त्याहप्त्यानं मुळाशी पोचतं. उत्पादन वाढतं ते इथं.

मात्र घड्याळ पाहायला हवं. दीड मीटरवर नळ्या, ४० सेंटिमीटरवर ताशी ४ लिटरचे ड्रिपर, अशा मांडणीत एकरातून तासाला सुमारे २७ हजार लिटर पडतात. मेमध्येही सव्वा तास पुरे. पण वरची माती कोरडी दिसते म्हणून व्हॉल्व्ह तीन तास उघडा राहतो. मग रोज ८० हजार लिटर, मोकाट पाण्याच्या दुप्पट!

"नळ्या चोंदतात" हा दुसऱ्या बाजूचा आक्षेप खरा आहे, पण ठिबक काढून टाकण्याइतका मोठा नाही. नळीच्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली पंधरा मिनिटं भांडं ठेवा. ४ लिटरच्या ड्रिपरनं एक लिटर द्यायला हवं. शेवटचं भांडं पाऊणच भरलं, तर आधी फिल्टर धुवा, मग नळीचं टोक उघडून गढूळ पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. क्षार साचले असतील तर आम्ल प्रक्रिया करावी लागते.